शिफारसपत्रातले 26 श्वास

सरकारी रुग्णालयात वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला कागदोपत्री ‘परिसेविका’ म्हणतात. मी त्या पदावर असताना दरवर्षी एखादी तरी विद्यार्थिनी शिफारसपत्र मागायला यायची. मजकूर बहुधा टाइप करूनच आणलेला असे : कष्टाळू, वक्तशीर, मनमिळाऊ. मी फक्त सही करायची. तशी सही मी केली नाही. नाव बदलले की ते पत्र कुणालाही चालले असते.

आपल्याकडे बेसिक बी.एस्सी. करून एम.एस्सी. नर्सिंगला जायचे तर वर्षभराच्या अनुभवाचा दाखला लागतो. त्यात पद आणि तारखा असल्या की काम भागते. परदेशी विद्यापीठे मात्र बऱ्याचदा प्राध्यापकांच्या पत्राबरोबर, प्रत्यक्ष काम पाहिलेल्या वरिष्ठांचेही पत्र मागतात. गुण त्यांना गुणपत्रिकेतून कळतातच. खाटेपाशी ती मुलगी कशी वागते, हे आम्हीच सांगू शकतो.

चौथ्या वर्षाची एक मुलगी माझ्या सर्जिकल वॉर्डात आठ आठवडे होती. पोटाचे ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेल्या एका रुग्णाच्या तक्त्यावर श्वासाचा वेग प्रत्येक फेरीला 18 लिहिलेला होता. वरचा आकडा खाली उतरवायची सवय फार जुनी आहे. हिने घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर छातीकडे पाहिले. आकडा आला 26. पुन्हा मोजला, तोच. नाडी आणि ऑक्सिजन तपासून तिने ड्यूटीवरच्या सिस्टरना सांगितले, त्यांनी रेसिडेंटला बोलावले. ब्रिटनमध्ये वापरतात त्या NEWS2 तक्त्यात 25 किंवा त्याहून जास्त श्वासांना एका निकषाचे सर्वाधिक, म्हणजे 3 गुण मिळतात. पत्र वाचणाऱ्याला 26 चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मी पत्रात एवढेच लिहिले. ‘तिने जीव वाचवला’ असे लिहिले नाही, कारण उपचाराचा निर्णय डॉक्टरांचा होता आणि ती देखरेखीखाली काम करत होती. रुग्णाचे नाव, खाट, तारीख यांतले काहीच दिले नाही. तिची उणीव मात्र लिहिली : ड्यूटी सोपवताना ती सगळे सांगायची आणि महत्त्वाचे शेवटी यायचे. सांगितल्यावर ती चिठ्ठीवर क्रम लावू लागली, शेवटच्या दोन आठवड्यांत फरक दिसला. संशोधनाची आवड मी पाहिली नव्हती. तो भाग तिच्या प्राध्यापकांसाठी सोडला.

वर माझे पद, नोंदणी क्रमांक आणि तिला किती काळ पाहिले ते दिले. विद्यापीठाची लिंक रुग्णालयाच्या ईमेलवर आली, पत्र मी तिथूनच पाठवले, तिच्या हाती दिले नाही. ती वॉर्ड सोडतानाच पत्राचे बोलली होती, म्हणून त्या आठ आठवड्यांची माझी वही अजून टेबलावरच होती.