परिच्छेद स्लाइडवर उतरवताना

२०११च्या जनगणनेच्या हंगामी आकड्यांनुसार देशातल्या स्त्रियांची साक्षरता दहा वर्षांत ५३.६७ टक्क्यांवरून ६५.४६ टक्क्यांवर गेली, पुरुषांची ७५.२६वरून ८२.१४वर. असा परिच्छेद स्लाइडवर आणताना ‘स्त्री-साक्षरतेत १२ टक्के वाढ’ एवढंच लिहिलं, तर ते चूक ठरतं. वाढ सुमारे १२ टक्केबिंदूंची आहे; मूळ आकड्याच्या तुलनेत मोजली तर ती २२ टक्के भरते. म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही आकडे ठेवावेत:

• स्त्री-साक्षरता (२००१–११): ५३.७ वरून ६५.५ टक्के
• स्त्री-पुरुष तफावत: २१.६ वरून १६.७ टक्केबिंदू

पुरुषांचे आकडे दुसऱ्या ओळीतल्या तफावतीत सामावले. विशेषणं खुशाल गाळावीत, पण ‘हंगामी’ आणि ‘वय ७ व अधिक’ हे शब्द तळाशी हवेतच. त्याहून लहान मुलं मोजणीत धरली, तर टक्केवारी खाली येते.