पहिला परदेशप्रवास : आजी-आजोबांसह नेपाळ

दिवाळीच्या सुमारास दवाखान्यात हमखास एक प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, आई-बाबांना एकदा परदेश दाखवायचा आहे, झेपेल का?" उत्तर आई-बाबांच्या प्रकृतीइतकेच ठिकाणाच्या निवडीवर अवलंबून असते.

जालन्यातील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. आजोबा बहात्तर वर्षांचे, मधुमेह व रक्तदाब असलेले. आजी अडुसष्ट वर्षांच्या, गुडघेदुखीने त्रस्त आणि पूर्ण शाकाहारी. सोबत मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू. यांच्यापुढे तीन पर्याय आहेत : दुबई, श्रीलंका आणि नेपाळ.

दुबईची हवा हिवाळ्यात सुखद असते आणि भारतीय जेवणही सहज मिळते. मात्र व्हिसा काढावा लागतो, आणि प्रचंड मोठ्या इमारतींतून होणारी चाल आजींच्या गुडघ्यांना जड जाते. श्रीलंकेचे घड्याळ आपल्याच वेळेनुसार चालते, भात-आमटीही ओळखीची; पण तेथील खोबऱ्याच्या चटणीत आणि काही भाज्यांतही वाळवलेल्या माशाचा चुरा घालण्याची पद्धत आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे शाकाहारी माणसाला प्रत्येक ताटाशी विचारपूस करावी लागते. या कुटुंबासाठी मी नेपाळकडे झुकेन. तेथे भारतीयांना व्हिसा लागत नाही, हिंदी बहुतेकांना समजते, आणि नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जात असल्याने आजींना दुकानांच्या पाट्याही वाचता येतात. घड्याळ आपल्यापेक्षा अवघे पंधरा मिनिटे पुढे असल्याने औषधांच्या वेळा बदलाव्या लागत नाहीत.

कागदपत्रांत मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पासष्ट वर्षांवरील आणि पंधरा वर्षांखालील व्यक्तींना आधारकार्डासारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र चालते. मुलगा आणि सून यांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्रच लागते. आधारकार्ड त्यांना चालत नाही. घरातील ज्येष्ठांचे चालले म्हणून आपलेही चालेल, असे गृहीत धरणारे विमानतळावर अडकतात.

जेवण म्हणजे डाळ-भात, पालेभाजी आणि लोणचे. पचायला हलके, पण दोन्ही वेळा पांढरा भात, आणि वाढपी आग्रहाने पुन्हा पुन्हा वाढतो. घरी ज्वारीची भाकरी खाणाऱ्या आजोबांची साखर येथे वाढू शकते. त्यांनी भात एकदाच आणि वाटीभर घ्यावा. दुसरी वाढ डाळीची व पालेभाजीची घ्यावी. साखर तपासण्याचे यंत्र सोबत असावे. इन्सुलिन चालू असल्यास ते हातातील पिशवीत ठेवावे. विमानाच्या पोटातील सामानात ते गोठून निकामी होऊ शकते.

हवामानाचा विचार करताना आपण थंडीचा करतो, उंचीचा करीत नाही. काठमांडू सुमारे १,४०० मीटर आणि पोखरा सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. दोन्ही ठिकाणी श्वासाला सहसा अडचण येत नाही. मुक्तिनाथ मात्र सुमारे ३,७०० मीटरवर आहे. "एवढे आलोच आहोत तर" म्हणून पोखऱ्याहून जीपने एका दमात तेथे चढणे ज्येष्ठांसाठी धोक्याचे, कारण विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला काही दिवस लागतात. डोकेदुखी, मळमळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही पहिली खूण. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर वाट न पाहता खाली उतरावे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असल्यास पहिल्या प्रवासात मुक्तिनाथ वगळलेलेच बरे.

काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरचा निवडावा. पाऊस सरलेला असतो, आकाश निवळलेले असते आणि हिमशिखरे दिसण्याची शक्यता अधिक असते. पुढे कोरड्या हिवाळ्यात काठमांडूच्या खोऱ्यात धूळ व धूर साचतो. दमेकऱ्यांना तो बाधतो.

सहा दिवस पुरतात. पहिला दिवस फक्त विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पशुपतिनाथ, संध्याकाळी बौद्धनाथ. तेथील स्तूपाभोवतीची प्रदक्षिणा सपाट असल्याने आजींना जमते. स्वयंभूनाथाला पूर्वेकडून शेकडो पायऱ्या आहेत, म्हणून तिसऱ्या दिवशी पश्चिमेच्या बाजूने वाहनाने वर जावे. चौथ्या दिवशी पोखऱ्याला विमानाने जावे. अर्धा तास लागतो. रस्ता सुमारे २०० किलोमीटरचाच, पण घाटातून सात-आठ तास, कधी त्याहून अधिक वेळ घेतो आणि गुडघे आखडतात. पाचव्या दिवशी फेवा तलावात नौकाविहार. नातू वल्ही मारील, आजोबा निवांत बसतील. सहाव्या दिवशी परत.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. औषधांची यादी त्यांच्या नावानिशी लिहून घ्या, आणि परतीला उशीर झाला तरी पुरतील अशा आठवडाभराच्या जादा गोळ्या सोबत ठेवा.