रोख सूट मागताना

जुन्या पुरवठादाराकडे सूट मागितली की तो दुखावेल, अशी धास्ती अनेक दुकानदारांना असते. पण रोख सूट (पैसे लवकर दिल्याबद्दल बिलात मिळणारी कपात) त्याच्या नफ्यातूनच जावी लागते असे नाही. मालमत्ता कर लवकर भरणाऱ्याला महापालिका सवलत देते, तसाच हा व्यवहार.

समजा, एक बेकरीवाला महिन्याच्या उधारीवर लाखाचा मैदा घेतो. व्यापाऱ्याचे बँककर्ज वर्षाला १२ टक्क्यांचे असेल, तर ही उधारी त्याला सुमारे हजार रुपयांना पडते. म्हणून “शेठ, माल उतरताच पैसे देतो, एक टक्का सोडा,” हे त्याला जड जात नाही. पाच टक्के मागितले, तर मात्र त्याच्या नफ्यालाच हात लागतो.

आधीची थकबाकी चुकती करूनच हा विषय काढावा. खरा दुरावा येतो तो सूट घेऊनही पैसे लांबवल्यावर.