समान किमान संख्यांचा तुकडा कोणाच्या नावावर?

संख्यांच्या यादीचे जितके सलग तुकडे पडतात, त्या प्रत्येकातली सर्वांत लहान संख्या घ्यायची आणि या साऱ्या किमान संख्यांची बेरीज करायची, हा प्रोग्रामिंगच्या सरावातला ओळखीचा प्रश्न आहे. ‘लीटकोड’ या संकेतस्थळावर तो ९०७ क्रमांकावर आहे. ३, १, २, १, ४ या यादीचे असे १५ तुकडे पडतात आणि त्यांच्या किमान संख्यांची बेरीज २१ येते. एवढे हातानेही मोजता येते. एक लाख संख्यांच्या यादीचे मात्र पाचशे कोटींहून अधिक तुकडे होतात, आणि एकेक तुकडा तपासत बसणे संगणकालाही परवडत नाही.

वाट निघते ती प्रश्न उलटा विचारल्यावर. तुकडा घेऊन त्याची किमान संख्या शोधण्याऐवजी एकेक संख्या घ्यायची आणि ती किती तुकड्यांत किमान ठरते ते मोजायचे. संख्येच्या डावीकडे आणि उजवीकडे तिच्याहून लहान संख्या भेटेपर्यंत तुकडा पसरू शकतो. डावीकडे सुरुवातीच्या जागा L आणि उजवीकडे शेवटाच्या जागा R असतील (दोन्हींत ती संख्या स्वतः धरून), तर ती L × R तुकड्यांत किमान असते. संख्येला या गुणाकाराने गुणले की बेरजेतला तिचा वाटा मिळतो.

अडचण येते ती समान संख्यांपाशी. वरच्या यादीत १ दोनदा आहे. दोन्ही १ ज्यात आहेत असे चार तुकडे पडतात, आणि ते कोणत्या १ च्या नावावर लावायचे हे आधी ठरवावे लागते. दोन्ही बाजूंना समान संख्येपलीकडे जाऊ दिले, तर ते चारही तुकडे दोघींच्या नावावर लागतात आणि बेरीज २५ होते. दोन्ही बाजूंना समान संख्येपाशी थांबवले, तर ते बेवारस राहतात आणि बेरीज १७ भरते. उपाय साधा आहे: एका बाजूला समान संख्या ओलांडायची, दुसऱ्या बाजूला तिच्यापाशी थांबायचे. डावीकडे ओलांडून उजवीकडे थांबले, तर प्रत्येक तुकडा त्यातल्या सर्वांत उजव्या किमान संख्येच्या वाट्याला येतो. उलट केले तर सर्वांत डाव्या. कोणतीही बाजू निवडली तरी चालते, फक्त निवड सगळ्या यादीला एकच हवी.

या सीमा एकाच फेरीत शोधण्यासाठी मोनोटोनिक स्टॅक वापरतात. स्टॅकमध्ये शेवटी ठेवलेले आधी निघते. इथे त्यात संख्यांच्या जागा ठेवतात, आणि तळापासून वर जाताना त्या जागांवरच्या संख्या वाढत्या राहतील अशी काळजी घेतात. नवी संख्या आली की तिच्याएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या संख्या वरून काढायच्या. जी निघते तिची उजवी सीमा म्हणजे ही नवी संख्या. डावी सीमा म्हणजे स्टॅकमध्ये तिच्या खाली उरलेली.

```python
def sum_of_mins(a):
    st, total = [], 0
    for i in range(len(a) + 1):
        while st and (i == len(a) or a[st[-1]] >= a[i]):
            m = st.pop()
            left = st[-1] if st else -1
            total += a[m] * (m - left) * (i - m)
        st.append(i)
    return total
```

आपल्या यादीवर हे चालवून पाहावे. पहिली १ येताच ३ निघते. तिचा वाटा ३. मग २ स्टॅकवर बसते. दुसरी १ आली की आधी २ निघते, वाटा २; आणि >= या चिन्हामुळे पहिली १ सुद्धा निघते. तिला डावीकडे २ आणि उजवीकडे २ जागा मिळतात, म्हणून वाटा ४. यादी संपल्यावर ४ निघते, वाटा ४. शेवटी दुसरी १: डावीकडे ४ जागा, उजवीकडे २, वाटा ८. एकूण २१.

प्रत्येक जागा स्टॅकमध्ये एकदाच जाते आणि फार तर एकदाच निघते, म्हणून आत while असूनही वेळ यादीच्या लांबीच्याच प्रमाणात लागतो. इथे >= ऐवजी > लिहिले तरी उत्तर बरोबरच येते, कारण एकच तुलना दोन्ही सीमा ठरवते. डाव्या आणि उजव्या सीमांसाठी दोन वेगळ्या फेऱ्या लिहून दोन्हींत तेच चिन्ह ठेवले, तर मात्र चूक होते. सगळ्या संख्या वेगवेगळ्या असलेल्या यादीवर ही चूक लपून राहते: ३, १, २, ४ वर अशा सदोष प्रोग्रामचेही उत्तर बरोबर, १७, येते.

ती पकडण्याची खात्रीची खूण म्हणजे L × R या गुणाकारांची बेरीज. n संख्यांच्या यादीत ती नेमकी n(n + 1)/2 भरायला हवी. वरच्या उदाहरणात १ + ४ + १ + ८ + १ म्हणजे १५. त्याहून जास्त आली तर तुकडे दोनदा मोजले गेले, कमी आली तर सुटले. इतकेही करायचे नसेल तर २, २ ही दोनच संख्यांची यादी द्यावी: उत्तर ६ यायला हवे, ८ किंवा ४ आले तर तुलनेची चिन्हे तपासावीत.