गच्चीवरची सावली आणि दोन कोटेशनं

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसून सहा वर्षं होत आली. २०१९ च्या दिवाळीनंतर कमिटीपुढे दोन कंपन्यांची प्रपोजलं होती आणि मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून ती 'सगळ्यांना कळतील अशी' करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा काढलेला कागद परवा फाइलमध्ये सापडला. त्यातलं काय बरोबर ठरलं आणि काय सुटलं, ते आता नीट दिसतं.

पहिल्या प्रपोजलात २० किलोवॉटसाठी ९ लाख ६० हजार आणि वर्षाला ३०,००० युनिट. दुसऱ्यात तेवढ्याच किलोवॉटला १० लाख २० हजार आणि २७,६०० युनिट. माझा पहिला कागद म्हणजे एक तक्ता होता: पॅनलची जात, एफिशियन्सी, इन्व्हर्टरचा मेक, स्ट्रिंगची संख्या. चेअरमन काकूंनी, त्या निवृत्त शिक्षिका, तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "पहिला स्वस्तही आहे आणि वीजही जास्त देतोय. मग आपण बसलोय कशाला?" माझ्या तक्त्यावरून दुसरा कुठलाच निष्कर्ष निघत नव्हता, कारण मी दोघांचे आकडे जसेच्या तसे शेजारी लिहिले होते. ते कुठून आले, हे पाहिलंच नव्हतं.

त्या रात्री दोघांचे पीव्हीसिस्टचे रिपोर्ट पुन्हा उघडले. पुण्यात एका किलोवॉटला वर्षाला साधारण १,४०० ते १,५०० युनिट मिळतात, म्हणजे ३०,००० हा आकडा अशक्य नव्हता, पण गच्ची पूर्ण मोकळी असेल तरच. पहिल्याच्या रिपोर्टमध्ये `Near Shadings` पुढे `No Shadings` असं छापलेलं होतं. आमच्या गच्चीवर लिफ्टची खोली आहे आणि तिच्यावर पाण्याची टाकी.

डिसेंबरात एका रविवारी मी आणि काकू सकाळी नऊला टेप घेऊन वर गेलो. टाकीचा माथा पॅनलच्या पातळीपेक्षा साडेतीन मीटर उंच येणार होता. तिची सावली वायव्येकडे आठ मीटर लांब गेली होती, नेमकी पहिल्याने पॅनल मांडले होते त्या जागेवर. साडेबाराला पुन्हा मोजली तेव्हा तीन मीटर भरली. पॅनल एकामागोमाग एक माळेसारखे जोडलेले असतात. एकावर सावली आली की त्याची वीज जातेच, शिवाय बाकीच्या माळेलाही काही फटका बसतो. काकूंनी खडूने सावलीची कड आखली. नंतर मीटिंगमध्ये मला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्याने टाकी रिपोर्टमध्ये धरली होती आणि पॅनल सावलीबाहेर, उंच स्ट्रक्चरवर नेले होते. जास्तीचे बरेचसे पैसे त्या लोखंडाचे होते. मग पहिल्याला टाकी धरून रिपोर्ट पुन्हा काढायला सांगितला, तेव्हा ३०,००० चे २६,८०० झाले.

दुसरा कागद मी एका पानात लिहिला. दुसरं प्रपोजल साठ हजारांनी महाग, पण वर्षाला ८०० युनिट जास्त देणारं. आमच्या कॉमन मीटरला युनिट साधारण दहा रुपयांना पडत होतं, म्हणजे वर्षाला आठ हजार. जास्तीचे पैसे साडेसात वर्षांत वसूल. एवढ्यावर मी कुणाला महाग माल घ्या म्हटलं नसतं. पण दुसऱ्याने करारात लिहून दिलं होतं की पहिल्या वर्षी २६,००० पेक्षा कमी युनिट निघाले तर कमी पडलेल्या प्रत्येक युनिटचे पैसे तो भरेल. पहिल्याच्या कागदावर 'अंदाजे' एवढाच शब्द होता. मला अजूनही वाटतं की त्या पानावर सगळ्यात उपयोगी ओळ हीच होती: आकडा चुकला तर पैसे कोणाचे जाणार. कमिटीने दुसरा घेतला. पहिल्या पूर्ण वर्षी मीटरवर २६,९०० युनिट झाले.

त्याच पानावर मी लिहिलं होतं, 'वॉरंटी २५ वर्षं'. खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. ती २५ वर्षं पॅनलच्या वीजनिर्मितीची. शेवटच्या वर्षीही मूळ क्षमतेच्या ८० टक्के निघेल एवढंच वचन. पॅनलमधला बनावटीचा दोष १० वर्षं, इन्व्हर्टर ५ वर्षं. गेल्या पावसाळ्यात इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा त्याची मुदत संपून पाच महिने झाले होते. नव्याला सव्वा लाख लागले आणि ते येईपर्यंत तीन आठवडे गच्चीवरून एकही युनिट आलं नाही. सभासद विचारत होते, "पंचवीस वर्षं म्हणाला होतात ना?" त्यांनी माझंच वाक्य वाचलं होतं.

या महिन्यात शेजारच्या सोसायटीने त्यांची दोन प्रपोजलं माझ्याकडे दिली आहेत. वॉरंटीच्या या वेळी तीन ओळी केल्यात आणि इन्व्हर्टरच्या ओळीपुढे लिहिलंय: सहाव्या वर्षापासून खर्च आपला, सव्वा लाख बाजूला ठेवा. टाकीची सावली मोजायला डिसेंबरातल्या रविवारी सकाळी नऊला जायचं ठरलंय. काकूही येणार आहेत.