ताप एकाला, सुट्टी कोणाला?

एखादा कॅडेट सिक रिपोर्टला गेला आणि त्याला एम.आय. रूममध्येच ठेवून घेतलं, की डॉर्ममध्ये चर्चा सुरू होते. "तो आयसोलेशनमध्ये गेला, मग आपण क्वारंटाइनमध्ये का नाही?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा पी.टी. चुकवण्याचा बेत असतो, पण प्रश्न चांगला आहे. मी बायोलॉजीच्या सरांना तो विचारला. त्यांनी उत्तर देण्याऐवजी मला वाचायला लावलं. त्यातून जे समजलं ते इथे लिहितो.

आधी शब्दांचा गोंधळ. २०२० मध्ये महाराष्ट्रात लोकांच्या हातावर शाईचे शिक्के मारत होते, तेव्हा मी लहान होतो. घरात सगळेच 'विलगीकरण' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरत. खरं तर आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण, आयसोलेशन. जो आजारी नाही, पण रोग्याच्या जवळ आला होता, त्याला वाट बघायला लावणं म्हणजे अलगीकरण, क्वारंटाइन. आणि असे जवळ आलेले कोण होते ते शोधणं म्हणजे संपर्क शोध. पहिल्यात आपल्याला रोग माहीत असतो. दुसऱ्यात फक्त शंका असते, आणि म्हणूनच तिथे कारण जास्त भक्कम लागतं.

हे कारण रोगाच्या घड्याळात असतं. जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत किती दिवस जातात, आणि माणूस दुसऱ्याला रोग देऊ लागतो तो तापाच्या आधी की नंतर, या दोन गोष्टींवर जवळजवळ सगळं ठरतं. समजा, सोमवारी संध्याकाळी गेम्सनंतर एका कॅडेटला ताप भरला. मंगळवारी सकाळी तो सिक रिपोर्टला गेला, नमुना घेतला आणि रिपोर्ट गुरुवारी आला. हेच चार दिवस तीन रोगांसाठी मोजून बघू.

पहिला सार्स. २००३ मध्ये हा रोग आशियातल्या अनेक शहरांत आणि कॅनडात टोरांटोपर्यंत पसरला. जगात आठ हजारांहून थोडे जास्त रुग्ण झाले आणि ७७४ माणसं गेली. लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं, तरी जुलैपर्यंत तो आटोक्यात आला. याचं कारण त्याचं घड्याळ. सार्सचा रोगी ताप येण्याआधी रोग पसरवत नव्हता. तापानंतरचे पहिले काही दिवसही तो कमीच पसरवायचा, आणि सर्वांत जास्त साधारण दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे आपल्या कॅडेटला मंगळवारी वेगळं केलं, तर त्याने फार कोणाला रोग दिलेलाच नसतो. संपर्कातल्या मुलांचं रोज तापमान घ्यायचं आणि ज्याला ताप येईल त्याला त्याच दिवशी वेगळं करायचं, एवढं बरंच झालं असतं. अनेक ठिकाणी संपर्कातल्या लोकांना दहा दिवस घरात ठेवलं होतं. त्याचा मुख्य फायदा हा, की त्यातला कोणी आजारी पडला तर तो लगेच सापडायचा.

आता फ्लू. फ्लूमध्ये जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंत सरासरी दोनच दिवस जातात, आणि ताप येण्याच्या एक दिवस आधीपासून माणूस तो पसरवू लागतो. म्हणजे आपला कॅडेट रविवारी संध्याकाळीच, मेसमध्ये हसत-खिदळत जेवताना, रोग वाटत होता. त्या वेळी ज्याला लागण झाली तो मंगळवारी रात्री आजारी पडणार, पण पसरवायला सुरुवात करणार सोमवारी रात्री. मंगळवारी सकाळी मेट्रन नावांची यादी करायला बसतील, तेव्हा दुसरी फळी आधीच कामाला लागलेली असेल. गुरुवारी रिपोर्ट येईपर्यंत तिसरी. म्हणून फ्लूच्या साथीत पूर्ण डॉर्म बंद करण्यात फारसा अर्थ नसतो. आजारी मुलाला मात्र वेगळं ठेवायचंच, कारण ताप आल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस तो भरपूर जंतू सोडतो.

कोविड या दोघांच्या मध्ये बसतो, आणि म्हणूनच तो सर्वांत अवघड. तो तापाच्या साधारण दोन दिवस आधीपासून पसरतो, पण सुरुवातीच्या विषाणूला आजार दिसायला सुमारे पाच दिवस लागत. आपल्या कॅडेटकडून शनिवारी रात्री ज्याला लागण झाली, तो गुरुवारी रात्री आजारी पडणार आणि मंगळवारी रात्रीपासून पसरवणार. यादी मंगळवारी दुपारपर्यंत झाली, तर आपण काही तासांनी पुढे आहोत. गुरुवारच्या रिपोर्टची वाट बघितली, तर मागे. संपर्क शोध आणि क्वारंटाइन दोन्ही खरोखर उपयोगी पडतात ते अशाच रोगात, आणि तेही रिपोर्टची वाट न बघता केले तरच. पुढे ओमिक्रॉन आला, पाचाचे साधारण तीन दिवस झाले आणि ही शर्यतही बरीचशी हातातून गेली.

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. क्वारंटाइनचे दिवस रोग्याशी आलेल्या शेवटच्या संपर्कापासून मोजतात. संपर्कातल्या वीस जणांना एकाच डॉर्ममध्ये, एकाच बाथरूमसह, कोंडलं आणि सहाव्या दिवशी त्यातल्या एकाला ताप आला, तर उरलेल्या एकोणीस जणांची मोजणी पुन्हा शून्यावर येते. वर ज्यांना पहिल्या रोग्याकडून काहीच मिळालं नव्हतं, त्यांनाही आता धोका. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज असंच थांबवून ठेवलं होतं. त्यावरच्या ३,७११ लोकांपैकी ७१२ जणांना लागण झाली. त्यातली बरीच क्वारंटाइन सुरू होण्याआधीच झालेली होती, पण खलाशी एकत्र राहत, एकत्र जेवत आणि तेच सगळ्यांना जेवण पोचवत. त्यांच्यात रोग नंतरही पसरत राहिला. निरोगी माणसांना एकत्र कोंडणं म्हणजे क्वारंटाइन नव्हे. चार-चार जणांचे छोटे गट, वेगळं जेवण आणि वेगळं बाथरूम एवढी सोय होणार नसेल, तर पालकांकडे पाठवणं किंवा नुसतं सकाळ-संध्याकाळ तापमान घेणं जास्त बरं, असं मला वाटतं. पण घरी जाण्यासाठी दीड दिवसाचा रेल्वेप्रवास असेल तर तेही नको.

आणि थांबायचं कधी? याची खूण सोपी आहे. नवे रोगी आपल्या यादीतले निघत असतील, तर शोध चालू ठेवावा. ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं असे रोगी निघू लागले, तर रोग यादीच्या पुढे गेला आहे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी हेच झालं. सुरुवातीला विमानतळावर तपासणी आणि प्रत्येक रुग्णाच्या संपर्कांचा शोध चालू होता. ऑगस्टमध्ये पुण्यात साथ पसरली आणि धोरण बदललं. रुग्णांचे 'ए', 'बी', 'सी' असे गट केले. सौम्य आजार असलेल्या 'ए' गटाची चाचणीही करायची नाही, त्यांनी घरीच वेगळं राहायचं. दवाखान्यातल्या खाटा 'सी' गटासाठी ठेवायच्या. हे हार मानणं नव्हतं. तेच डॉक्टर आणि त्याच नर्स याद्या करण्याऐवजी रोग्यांकडे वळल्या.

उलट क्षयरोगात संपर्क शोध अगदी जरुरीचा असतो, आणि क्वारंटाइन मुळीच नाही. रोग्याच्या घरातल्यांना जंतूची लागण झालेली असली, तरी तो जंतू शरीरात झोपलेला असताना ते कोणालाही रोग देत नाहीत. त्यांना शोधायचं ते कोंडण्यासाठी नाही, तर तपासून आजार नाही ना याची खात्री करण्यासाठी आणि प्रतिबंधक गोळ्या सुरू करण्यासाठी. त्या गोळ्या घेत ते रोज शाळेत किंवा कामावर जाऊ शकतात.