शुक्रवारी निघा, सोमवार टाळा

इन्स्टाग्रामवर बोटाने सरकवत जायच्या चित्रमालिकेला कॅरूसेल म्हणतात. ‘तीन दिवसांत अमुक शहर’ हा तिचा फार चालणारा प्रकार. पहिल्या चित्रावर शीर्षक, मग दिवसाला एक चित्र, त्यानंतर खर्च आणि शेवटी सूचना, एवढाच तिचा साचा. लोक ती जपून ठेवतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या भरवशावर बॅग भरतात. म्हणूनच तिच्यातली एक चूक कुणाची तरी पूर्ण रजा वाया घालवू शकते.

छत्रपती संभाजीनगरची तीन दिवसांची सहल घ्या. वेरूळ, अजिंठा, देवगिरी आणि बीबी का मकबरा ही चार ठिकाणे तीन दिवसांत सहज बसतात. अडचण वारांची आहे. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. अशा मालिकांमध्ये ‘दिवस पहिला, दिवस दुसरा’ एवढेच लिहिलेले असते, वार नसतो. तीच योजना घेऊन कुणी रविवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा ठरवले, तर शंभर किलोमीटर जाऊन बंद दार पाहावे लागते. शीर्षकाच्या चित्रावरच ‘शुक्रवार ते रविवार’ असे लिहिले की हा प्रश्न उरत नाही.

दिवसांची मांडणीही कारणासह हवी. शुक्रवारी सकाळी आधी देवगिरी, कारण दौलताबादचा हा किल्ला वेरूळच्या वाटेवरच आहे आणि त्याची दमछाक करणारी चढण उन्हाआधी उरकलेली बरी. दुपारनंतर वेरूळ. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे पश्चिमाभिमुख असल्याने त्याच्या दर्शनी भागावर दुपारनंतर ऊन येते. शनिवार सगळा अजिंठ्याचा. खासगी गाड्या फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटला थांबतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर तिथल्या बसनेच जावे लागते. हा वेळ न धरल्यामुळे बरेच वेळापत्रक कोलमडते. रविवारी मकबरा, पाणचक्की आणि परतीचा प्रवास.

खरी कसोटी मात्र खर्चाच्या चित्राची. ‘रोज अडीच हजार’ असा एकच आकडा मोठ्या अक्षरांत टाकला जातो आणि तो जवळजवळ कुणालाच लागू पडत नाही. तिकीट आणि जेवण माणशी लागते, टॅक्सीचे भाडे गाडीमागे असते, तर खोलीचे भाडे खोलीमागे. उदाहरणादाखल अजिंठ्याच्या दिवसाला टॅक्सी 4,500 रुपये, दोघांची खोली 2,000 आणि जेवण, तिकीट व तिथली बस मिळून माणशी 600 रुपये धरू. दोघे असतील तर माणशी 3,850 रुपये पडतात. चौघांनी दोन खोल्या घेऊन एकच गाडी केली, तर 2,725. एकट्या माणसाला मात्र त्याच दिवसाचे 7,100 रुपये मोजावे लागतात. शिवाय रविवारी मुक्काम नाही, लांबचा प्रवासही नाही, त्यामुळे तो दिवस यापेक्षा कितीतरी स्वस्त जातो. सरासरी काढली की नेमका हा फरक दडून बसतो. खर्चाच्या चित्रावर प्रत्येक दिवसाची वेगळी ओळ असावी, हिशेब किती जणांचा ते लिहावे, आणि ‘घरापासूनचे भाडे धरलेले नाही’ हेही तिथेच सांगावे.

एकट्याने जाणाऱ्यासाठी सूचनांच्या चित्रावर एसटीचा पर्याय हवाच. जळगावकडे जाणाऱ्या गाड्या फर्दापूरवरून जातात. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. कुटुंबाच्या हिशेबात ही बचत छोटी नाही. ‘भरपूर पाणी प्या’, ‘आरामदायी कपडे घाला’ असल्या कुठेही चालणाऱ्या सूचनांना मात्र जागा देऊ नये. अजिंठ्याच्या चित्रे असलेल्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, पादत्राणे बाहेर काढावी लागतात, पायऱ्या न चढू शकणाऱ्यांसाठी डोली मिळते, हे सांगितले की आजी-आजोबांना न्यायचे की नाही ते घरीच ठरते.

मराठी मजकुरासाठी आणखी एक काळजी. वेलांट्या आणि उकारांना ओळींमध्ये जास्त जागा लागते, त्यामुळे एका चित्रावर चार-पाच छोट्या ओळींपलीकडे जाऊ नये. अक्षर मोबाइल हातभर लांब धरून वाचता आले, तरच ते पुरेसे मोठे समजावे.

पोस्ट प्रसिद्ध झाल्यावर चित्रात कोरलेला आकडा बदलता येत नाही, खालचा मजकूर मात्र केव्हाही सुधारता येतो. त्यामुळे बदलणारे दर खालच्या मजकुरात द्यावेत आणि चित्रावर ‘दर अमुक महिन्यातले’ एवढे नोंदवावे. अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही ठिकाणी भारतीयांना 40 रुपयांचे तिकीट आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. तरीही पोस्ट टाकण्याच्या दिवशी हे दर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अधिकृत तिकीट व्यवस्थेत एकदा ताडून घ्यावेत.